एसीखालची माझी खुर्ची, काकांचा कोपरा

मी मूळची पुण्याची. तक्रार कशी करावी हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. रिक्षावाला, बँकेतला कारकून, सोसायटीचा सेक्रेटरी, सगळ्यांशी भांडून मी मोठी झाले. त्यामुळे टेक्सासमधल्या शुगर लँडच्या ऑफिसात माझ्या टेबलावर एसीचं भोक आहे हे पहिल्याच आठवड्यात लक्षात आल्यावर मी गप्प बसले नाही, हे सांगायलाच नको.

टेक्सासमध्ये राहणाऱ्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. बाहेर अंगाची लाही होत असते, गाडीतून उतरलं की चष्म्यावर वाफ धरते, आणि दार उघडून आत शिरलं की हाडं गारठतात. ऑगस्टमध्ये आमच्या मजल्यावर सगळ्या बायका स्वेटर घालून बसतात. पण माझ्या खुर्चीवर तो झोत सरळ मानेवर यायचा, आठ तास. दोन महिन्यांत मान अशी धरली की गाडी मागे घेताना मला आरशावर भरवसा ठेवावा लागायचा. पुण्याहून आई रोज फोनवर म्हणायची, "अगं, वारा भरलाय तुला. कानाला स्कार्फ बांध." मी बांधायचे. क्लायंटसमोरसुद्धा.

मी तक्रारीचं तिकीट टाकलं. इमारतीची देखभाल बघणाऱ्या फॅसिलिटीजचा माणूस शिडी आणि यंत्र घेऊन आला. यंत्र माझ्या टेबलावर धरून म्हणाला, बहात्तर फॅरनहाइट, नॉर्मल. मी म्हटलं, बहात्तर खोलीचं असेल, माझ्या मानेचं मोज. तो हसला आणि भोकाखाली प्लास्टिकची एक फळी लावून गेला. झोत वळला तो समोरच्या बाईंच्या डोक्यावर. दोन दिवसांत त्यांनी तिकीट टाकलं आणि फळी निघाली. मग मी घरून छोटा हीटर आणला, तर संध्याकाळी त्यावर चिठ्ठी: आगीच्या नियमांमुळे परवानगी नाही, कृपया घरी न्यावा. शेवटी मी जागा बदलून मागितली. त्यांनी दोन रिकाम्या जागा दाखवल्या. एक पश्चिमेच्या काचेसमोर, जिथे दुपारी तीननंतर स्क्रीनवर फक्त सूर्य दिसायचा. दुसरी प्रिंटरला चिकटून. मी दोन्हींवर प्रत्येकी एक दिवस बसून पाहिलं आणि दोन्हींबद्दल लांबलचक मेल लिहिला.

आता काकांबद्दल सांगते.

काका नागपूरचे. आमच्याच टीममध्ये पाइपलाइनची ड्रॉइंग्ज करायचे, वय एकसष्ट. सगळ्यांसमोर मी त्यांना नावाने हाक मारायचे, इथलं वळणच तसं. पण चहाच्या खोलीत आम्ही दोघंच असलो की ते काका आणि मी त्यांची "थंडीवाली". माझा स्कार्फ पाहून त्यांनीच ते नाव ठेवलं होतं. "काय थंडीवाली, आज कोणावर चिडून राहिली?" असं विचारायचे, आणि मी जे बोलू लागायचे ते त्यांचा चहा संपेपर्यंत. गुरुवारी मी त्यांच्यासाठी एक थालीपीठ जास्तीचं आणायचे. काका ते उभ्याउभ्याच खायचे आणि म्हणायचे, "तिखट कमी आहे, पण पुण्याच्या मानानं बरं आहे."

त्यांची एकच काळजी होती आणि ती त्यांनी मला सांगितली होती. काकूंच्या मूत्रपिंडावर उपचार चालू होते, आणि तो सगळा विमा काकांच्या नोकरीवर होता. "पासष्टपर्यंत टिकलो ना, की सरकारी विमा सुरू होते. मग मला हाकला, काही म्हणणं नाही," असं ते म्हणायचे. हसत म्हणायचे. पण कंपनीत कुठे माणसं कमी केल्याची बातमी आली की त्या दिवशी त्यांचा चहा तसाच गार व्हायचा.

काका कोपऱ्यात बसायचे. डाव्या खांद्याला भिंत, वर एसी नाही, मागे काच नाही. मजल्यावरची सगळ्यात शांत जागा. मी फॅसिलिटीजला विचारलं, तो कोपरा कुणाला हलवून मिळेल का? उत्तर आलं, ती जागा होल्डवर, म्हणजे राखून ठेवलेली आहे, देता येणार नाही. मी विचारलं, का? तर म्हणे, कारण आम्हाला सांगता येत नाही. मला वाटलं, यांच्या नकाशात घोळ असणार. तिथे तर आमचे काका बसतात. सरळ त्यांनाच विचारते की.

इथेच माझं चुकलं, आणि ते मी परक्या माणसाबरोबर कधीच केलं नसतं. समोरच्या गोऱ्या बाईंना मी "तुमची जागा द्या" म्हटलं असतं का? मेल टाकला असता, चार ओळींचा, सभ्य. पण काका आपले. आपल्या माणसाकडे कसला आलाय मेल.

चहाच्या खोलीत मी म्हटलं, "काका, एक मागू? नाही म्हणालात तरी चालेल."

आपल्याकडे असं म्हणून मागितलं की समोरच्याला नाही म्हणायची सोयच राहत नाही. हे मला माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच तसं म्हटलं, आता खोटं कशाला बोलू.

काकांनी कप खाली ठेवला. मग माझ्या स्कार्फकडे बघून विचारलं, "किती दिवसांची दुखून राहिली मान?"

"दोन महिने झाले, काका. काल रात्री तर कूस बदलता येईना."

"मग घे ना बाप्पा," ते म्हणाले. "मला काय, कुठं बसलो तरी रेघाच ओढायच्या आहेत."

टीमच्या प्रमुखाला, लीडला विचारलं. तो टेक्सासचाच, लांब पायांचा. बसून बोलणं त्याला ठाऊक नव्हतं, जाता जाता उभ्यानेच कामं सांगायचा. म्हणाला, दोघं तयार असाल तर माझी हरकत नाही, मेल टाका. आम्ही टाकले. दुसऱ्या दिवशी एचआरने काकांना बोलावलं, एकट्यांना. पंधरा मिनिटं ते आत होते. मला आश्चर्य वाटलं, जागा बदलायला एवढी चौकशी? बाहेर आल्यावर ते म्हणाले, "सही करून आलो. झालं तुझं काम." मी आनंदाने जवळजवळ उडीच मारली. कसली सही, हे विचारायचं सुचलंसुद्धा नाही मला.

शुक्रवारी आम्ही हललो. काकांनी माझं टेबल स्वतः पुसलं, माझा मॉनिटर लावून दिला. सोमवारी पहिल्यांदा मी स्कार्फशिवाय बसले. आठवड्याभरात मान सुटली. मी आईला फोन करून सांगितलं, "बघ, मिळवलीच की नाही जागा!"

त्याच आठवड्यात पहिली गोष्ट झाली. माझ्या नव्या जागेवरून चहाला जायचा रस्ता काकांच्या डाव्या बाजूने जायचा. त्यांच्या उजवीकडे खांब होता. मी जाता जाता म्हटलं, "काका, चहा?" ते स्क्रीनकडे बघत राहिले. वाटलं, कामात आहेत. दुसऱ्या दिवशी परत म्हटलं. काही नाही. तिसऱ्या दिवशी मी थांबले, नेहमीपेक्षा मोठ्याने म्हटलं, "काका, येताय ना?" वर एसी घुमत होता. त्यांनी मानही वळवली नाही. समोरच्या बाईंनी मात्र माझ्याकडे बघितलं, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

माझा स्वभाव मला माहीत आहे. कुणी माझ्याशी भांडलं तर मला चालतं, पण कुणी माझ्याकडे दुर्लक्ष केलं की डोक्यात जातं. मी मनाशी म्हटलं, अस्सं! जागा दिली आणि आता पस्तावा होतोय काय? मग द्यायची नव्हती. मी काय हात पिरगाळला होता? तोंडावर "घे ना बाप्पा" आणि मागून असा रुसवा. त्या गुरुवारी मी थालीपीठं आणली होती. ती मी माझ्या कोपऱ्यात बसून एकटीने खाल्ली. दोन्ही.

त्यानंतर मी हाक मारणं बंद केलं. चहाची वेळ बदलली. एकदा चहाच्या खोलीत गाठ पडली तेव्हा ते म्हणाले, "काय थंडीवाली, दिसतच नाही तू." मी म्हटलं, "काम असतं," आणि कप घेऊन निघाले. मागे वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं का? कोण जाणे. मी स्वतःवर इतकी खूश होते की चेहरा वाचायच्या मनःस्थितीत नव्हते.

मग कामात चुका सुरू झाल्या. लीड जाता जाता त्यांच्या डाव्या खांद्यामागून सांगायचा, अमुक व्हॉल्व्ह दोन फूट वर घे. काका मान हलवायचे. संध्याकाळी ड्रॉइंग यायचं ते जुन्याच मापाचं. एकदा झालं, दोनदा झालं. तिसऱ्यांदा तपासणीत सापडलं म्हणून वाचलं, नाहीतर तसंच साइटवर गेलं असतं. इतक्या वर्षांत काकांच्या ड्रॉइंगवर लाल रेघ क्वचितच दिसली होती म्हणे. लोक म्हणू लागले, म्हाताऱ्याचं लक्ष नाही आता. पासष्टची वाट बघतोय.

एक दिवस लीड माझ्या कोपऱ्यात आला. टेबलाला टेकून उभा राहिला आणि म्हणाला, तुमचं बरं जमतं ना, काय झालंय त्याला? हल्ली काहीही सांगितलं तरी मनावर घेत नाही. तुला काय वाटतं?

आणि मी म्हणाले, "हो, हल्ली ते जरा तसेच झालेत."

एवढंच. एक वाक्य. मी ते रागाने म्हटलं नाही, हेच मला सलतं. रागाने म्हटलं असतं तर निदान रागावर ढकलता आलं असतं. मी ते सहज म्हटलं, मॉनिटरवरची धूळ पुसत पुसत.

हिवाळ्यात प्रोजेक्ट संपला आणि माणसं कमी केली. आमच्या टीममधून एकच नाव होतं. माझं ते वाक्य त्यात किती होतं, मला माहीत नाही. कुणी मला सांगणारही नाही. पण ते होतं. त्या यादीच्या आधी कुठेतरी एका खोलीत बसून लीडने काकांबद्दल जे सांगितलं असेल, त्यात ते असणारच.

जायच्या दिवशी काका खोका घेऊन माझ्या कोपऱ्यात आले. त्यांच्या भिंतीवर हात फिरवला, जुन्या म्हशीच्या पाठीवरून फिरवावा तसा. म्हणाले, "चांगली जागा आहे. सोडू नको." मी खुर्चीतून उठले. अजूनही माझ्या डोक्यात तेच होतं की यांनी माझ्याशी बोलणं टाकलं होतं, आणि आता निघताना गोड बोलतायत. मी म्हटलं, "ऑल द बेस्ट, काका." ऑल द बेस्ट! परक्याला म्हणावं तसं.

मार्चमध्ये एका शनिवारी मी किराणा घ्यायला देशी दुकानात गेले होते. कोथिंबिरीच्या जुड्या निवडत होते आणि पलीकडून काकू आल्या. आमची ओळख मंडळाच्या गणपतीतली. पार वाळल्या होत्या. मी विचारलं, "काका कसे आहेत?"

"आहेत," त्या म्हणाल्या. "आता दुसरा कानही जरा कमी झालाय, म्हणून फोनवर फार बोलत नाहीत."

"दुसरा?"

काकूंनी माझ्याकडे असं बघितलं की मी थट्टा करते आहे की काय. "डावा तर बारा वर्षांपूर्वीच गेला ना. पार गेला. यंत्रही चालत नाही त्याला. म्हणून तर एचआरला डॉक्टरचं पत्र देऊन तो कोपरा मिळवला होता ऑफिसात. डावीकडे भिंत, म्हणजे येणारं माणूस उजवीकडूनच येणार. तुम्हाला बोलले नव्हते?"

मी कोथिंबीर हातात धरून उभी राहिले. काकू बोलत होत्या आणि मला एकेक गोष्ट दिसत होती. चालताना ते नेहमी माझ्या डाव्या हाताला असायचे, मी त्यांच्या उजवीकडे येईन असे. जेवायच्या टेबलावर डावीकडच्या टोकाची खुर्ची. चहा उभ्याउभ्याच, डावा खांदा कपाटाला टेकवून. होल्ड. ती सही. आपल्याला या जागेची आता गरज नाही, असं लिहून दिलं असणार त्यांनी.

"मी म्हटलं होतं, नका देऊ," काकू म्हणाल्या. "सांगा तिला खरं कारण. तर म्हणाले, सांगितलं तर ती घेणार नाही, आणि पोरीची मान आखडली आहे. मी घेईन सांभाळून. आणि टीममध्ये, लीडला कळलं की बहिरा आहे, तर म्हातारा म्हणून पहिला काढतील." त्यांनी एक जुडी उचलून पिशवीत टाकली. मग विचारलं, अगदी साधेपणाने, जसं कुणी भाजीचा भाव विचारतं तसं, "तुम्ही कशावरून रागावला होता हो त्यांच्यावर?"

"मी?"

"रोज घरी येऊन सांगायचे. आजही बोलली नाही. आजही हाक नाही मारली. माझं काय चुकलं असेल, म्हणून मलाच विचारायचे. गुरुवारी तर डबा न्यायचेच नाहीत, पहिले दोन महिने. म्हणायचे, थंडीवाली आणेल."

मला तिथे रडू आलं. दुकानात, गिऱ्हाइकांच्या मधे, जुडी छातीशी धरून. काकू बिचाऱ्या घाबरल्या. मी त्यांना सगळं सांगितलं, डावीकडून मारलेल्या हाका, एकटीने खाल्लेली थालीपीठं, सगळं. लीडला म्हटलेलं ते एक वाक्य मात्र सांगितलं नाही. ते मी अजून कुणालाच सांगितलं नव्हतं. विम्याचं काय झालं, हे विचारायचंही धाडस झालं नाही. काकूंच्या हातावरच्या सुयांच्या खुणा मी बघत राहिले.

सोमवारी मी लवकर ऑफिसला गेले आणि माझ्या जुन्या खुर्चीवर बसले. डाव्या कानात बोट घातलं. वर एसी घुमत होता, सगळा उजव्या कानात. सफाईवाल्या बाई माझ्या डावीकडून कचऱ्याची पिशवी घेऊन गेल्या. त्यांनी मला गुड मॉर्निंग म्हटलं असेल. त्यांच्या ओठांवरून मला नंतर कळलं, त्या वळून माझ्याकडे बघत होत्या तेव्हा.

दुपारी मी पार्किंगमध्ये गेले, गाडीत न बसता उन्हात उभी राहिले आणि काकूंच्या नंबरवर फोन लावला. म्हटलं, त्यांना द्या, उजव्या कानाला धरा.

"कोण?" काका म्हणाले.

"मी, काका. थंडीवाली."

"कोण बोलून राहिलं?"

"थंडीवाली!" मी ओरडले. दोन गाड्या सोडून एक माणूस वळून बघू लागला. "काका, मी हाक मारत होते! रोज मारत होते! तुम्हाला ऐकू जात नव्हतं, आणि मला वाटलं..."

पलीकडे काकू मोठ्याने त्यांना सांगताना ऐकू आल्या, "अहो, ती आहे, तुमची थंडीवाली!" मी कान दाबून उभी होते. मला माफी मागायची होती, ते वाक्य सांगायचं होतं. मी ते पुन्हा जुळवत होते, मोठ्याने ओरडून सांगता येईल असं.

आणि काका म्हणाले, पूर्वीसारखंच, चहाच्या खोलीतल्या आवाजात, "काय थंडीवाली! मान कशी आहे? आता नाही ना वाजत थंडी?"

"नाही, काका," मी म्हटलं.

"हां?"

"नाही वाजत!"

"ऐकू नाही आलं बाप्पा," ते म्हणाले. "वाजते का अजून?"